टाचेमागची दोरी

नमस्कार श्रोतेहो.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावच्या मैदानांवर पहाटेची गर्दी वाढते, आणि दीड-दोन महिन्यांनी आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीतली. मुलं येतात ती बहुधा एकच तक्रार घेऊन: “मॅडम, सकाळी उठल्यावर टाचेमागची नस धरते.”

ती खरं तर नस नाही. टाचेच्या चार बोटं वर चिमटीत धरता येते ती जाड दोरी म्हणजे कंडरा. पोटरीचा स्नायू ती टाचेच्या हाडाला बांधून ठेवते. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो.

असाच एक वीस वर्षांचा मुलगा आला होता. आधी आठवड्यातून तीनदा, रमतगमत दोन-तीन किलोमीटर धावायचा. जाहिरात आली आणि आठवड्याचे सहा दिवस पळू लागला. चौथ्या आठवड्यात 1600 मीटरची वेळ झकास कमी झाली. पाय तयार झाले असं समजून त्याने त्याच आठवड्यात शंभर मीटरच्या स्प्रिंट धरल्या, टेकडी धरली, वर नवे स्पाइक्सही घातले. सहाव्या आठवड्यात सकाळची पहिली दहा पावलं लंगडत पडू लागली.

त्याचं गणित कुठे चुकलं? वेळ कमी झाली हे खरंच होतं. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू स्नायूंना अधिक नेमकं कामाला लावतो, दम वाढतो, मग स्नायूही भरतो. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे त्याची डागडुजी चटकन होते. कंडरा मात्र मुख्यतः कोलॅजेनच्या धाग्यांची असते. तिच्यात पेशी थोड्या, रक्त त्याहून थोडं. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की या कंडरेच्या गाभ्यातलं कोलॅजेन साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतं आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. हे त्यांना कळलं कशावरून, तर 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन त्या धाग्यांत किती सापडतो यावरून. जपानमधल्या एका प्रयोगात मांडीचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद दोन महिन्यांत वाढली होती, पण गुडघ्याजवळची कंडरा ताठ, म्हणजे ताण पेलायला तयार, झालेली दिसली ती तिसऱ्या महिन्याच्या शेवटी.

म्हणजे आमच्या या मुलाचं इंजिन चार आठवड्यांत मोठं झालं, पण दोरी जुनीच होती.

आणखी एक गोष्ट. जोरदार सरावानंतर साधारण पहिला दिवस-दीड दिवस कंडरेत मोडतोड जास्त आणि बांधणी कमी असते. बांधणी पुढे सरते ती त्यानंतर, आणि चालते तीनेक दिवसांपर्यंत. रोज स्प्रिंट मारली तर ती दर वेळी मोडतोडीवरच पडते. म्हणून जोराचे दिवस आठवड्यात दोनच ठेवायचे आणि मध्ये किमान दोन दिवस सोडायचे. त्या दिवसांत हळू धावा, गोळाफेकीचा सराव करा, हरकत नाही.

वाढ करायची ती एका वेळी एकाच गोष्टीत. आधी अंतर, मग वेग, आणि टेकडी किंवा स्पाइक्स सगळ्यांत शेवटी. एक पायरी चढलात की दोन-तीन आठवडे तिथेच थांबा, दम कितीही उरला असला तरी. स्टॉपवॉच स्नायूची आणि दमाची प्रगती दाखवतं, कंडरेची नाही.

कंडरेची खबर मिळते सकाळी. काल धावताना दुखलं का, यापेक्षा आज उठल्यावर टाच किती आखडली, हे पाहा. फसगत इथेच होते. पाच मिनिटं धावून अंग गरम झालं की दुखणं पळतं, मुलगा खूश होतो, आणि दुसऱ्या सकाळी ते दुप्पट होऊन येतं.

त्या मुलाला मी पूर्ण विश्रांती दिली नाही, कारण नुसतं झोपून कंडरा आणखी कमकुवत होते. स्प्रिंट आणि टेकडी बंद केली, हळू धावणं दिवसाआड ठेवलं. आठवड्यातून तीन दिवस टाचा उचलायच्या, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. सुरुवात पंधरा-पंधराच्या चार फेऱ्यांनी. मग हळूहळू पाठीवरच्या दप्तरात वजन वाढवत आणि संख्या कमी करत आठावर, सहावर. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी आखडणं वाढता कामा नये. वाढलं तर वजन एक पायरी खाली. दुखणं अगदी टाचेच्या हाडाशीच असेल तर मात्र पायरीच्या काठावरून टाच खाली सोडू नका, तिथे दाब पडून ते चिघळतं. आणि धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं होऊन फट् आवाज आला, तर व्यायाम नव्हे, थेट दवाखाना.

बारा आठवड्यांनी त्याने पहिल्या स्प्रिंट मारल्या, चार, त्याही पूर्ण जोराने नव्हेत. मग दोन दिवस वाट पाहिली. दोन्ही सकाळी टाच मोकळी होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा चारच.