दात घट्ट, मग अंतर

विषय ठेवलाय ‘साईटशिवाय तिरंदाजीत मेंदू अंतर कसं शिकतो’, आणि मी अर्धा वेळ दातांवर बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कारण बेअरबोवाल्या, म्हणजे धनुष्यावर नेम धरायची साईट न लावणाऱ्या, कुणालाही विचारा, बाण वर गेला की उत्तर ठरलेलं, “अंतर चुकलं.” अहो दरवेळी अंतरच कसं चुकेल?

माझ्याकडे एक मुलगा येतो, हात चांगला, धनुष्य साधं रिकर्व. जवळच्या टार्गेटवर ठीकठाक, पण तीस मीटरला गेला की बाण कधी वर कधी खाली, आडवे नाहीत, उभ्या रेषेत. त्याने काय केलं, तर अंतर पाठ करायला लागला. पावलं मोजायची, आकडा बोलायचा, जाऊन खरं अंतर बघायचं. महिनाभरात आकडा जवळजवळ अचूक सांगायला लागला, बाण मात्र होते तिथेच! (हसू नका, तुमच्यातले दोघंतिघं आत्ता हेच करताहेत, मी मैदानावर बघितलंय.)

मी त्याला दहा मीटरवर उभं केलं. का, तर हिशोब बघा. बाण सेकंदाला पन्नास मीटरने जातोय धरा, हवेचा विरोध सोडून द्या. अकरा मीटरचं टार्गेट तुम्ही दहाचं समजलात तर बाण जेमतेम दोन सेंटीमीटर खाली लागतो. म्हणजे एवढ्या जवळून अंतराची चूक लपूनच जाते, आणि तरी बाण उभे पसरत असतील तर दोष दुसरीकडे आहे. याचे बाण वीतभर पसरले.

मग बाजूने व्हिडिओ काढला. हा अँकर करतो, म्हणजे दोरी ताणून हात टेकवतो, ओठाच्या कोपऱ्याला, तर्जनीचं टोक तिथे टेकतं, बरोबर आहे, पण कधी दाढा मिटलेल्या आणि कधी जबडा सैल. जबडा खाली आला की ओठाचा कोपरा खाली, त्याच्याबरोबर बाणाची शेपटी खाली, म्हणजे टोक वर. शेपटी अर्धा सेंटीमीटर सरकली आणि ड्रॉ, म्हणजे दोरीची ओढ, साधारण सत्तर सेंटीमीटर असेल तर दहा मीटरवर सात सेंटीमीटरचा फरक पडतो, तीसवर एकवीस. आणि आता गंमत बघा, तीस मीटरचं टार्गेट तेहतीसचं समजलात तरी बाण अठराच सेंटीमीटर वर जातो! म्हणजे सैल जबडा आणि तीन मीटरची चूक, टार्गेटवर दोन्ही जवळपास सारखंच दिसणार. मेंदूला कसं कळावं की चुकलं काय, डोळा की दात?

तेव्हा दाढा मिटायच्या, अँकर पक्का टेकेपर्यंत सोडायचं नाही, आणि काही दिवस चार-पाच मीटरवरून गवताच्या कोऱ्या भाऱ्यावर, टार्गेटचा कागद न लावता मारायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तिथे डोळ्याला काही काम नसतं, सगळं लक्ष अँकरवर आणि सोडण्यावर राहतं.

वेळ... दहा मिनिटं? बरं. मूळ विषय आता पळवत नेतो.

फॉर्म सारखा झाला की चुकलेला प्रत्येक बाण मेंदूला अंतराबद्दलच काहीतरी सांगतो. डोळ्याने जे दिसलं, हाताने जो कोन घेतला आणि बाण जिथे लागला, या तिघांची जोडी बसत जाते, मनात आकडा लागत नाही. पण एकाच अंतरावर शंभर बाण मारलेत तर त्या अंतराचा कोन तेवढा पाठ होतो. १९७८ मध्ये केर आणि बूथ यांनी लहान मुलांना डोळ्यांनी न बघता छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. आठ वर्षांच्यांतल्या काहींनी तीन फुटांवर सराव केला, काहींनी फक्त दोन आणि चार फुटांवर. परीक्षा तीन फुटांवर घेतली तर दुसरा गटच सरस! नंतरच्या सगळ्या प्रयोगांत इतकं स्वच्छ उत्तर आलं नाही हेही सांगतो, तरी मी बाणागणिक अंतर बदलायला लावतो. एक बाण, जागा बदल, पुन्हा एक बाण. दुसरा बाण पहिल्यावरून सुधारून मारायची सोयच ठेवायची नाही.

शेवटचं, जमीन. काही मीटरच्या पुढे दोन डोळ्यांचा कोन फारसा उपयोगी पडत नाही, मग मेंदू आपल्यापासून टार्गेटपर्यंत सलग पसरलेल्या जमिनीवरून अंदाज बांधतो. मध्ये खड्डा आला की ती सलगता तुटते, आणि १९९८ च्या एका प्रयोगात दिसलं की अशा वेळी माणसाला अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. म्हणून ओढ्यापलीकडच्या टार्गेटवर बाण वरून जातात. सपाट मैदानावर कितीही मारा, हे तिथे शिकता येत नाही, ओढ्यावरच जाऊन मारावं लागतं. आणि तिथे बाण वर गेला तर, हो, त्या वेळी खरंच अंतर चुकलेलं असू शकतं. दाढा मिटलेल्या होत्या ना, एवढं फक्त आधी बघा.