नोटिशीचं काम सोपवताना

मंडळी, प्राप्तिकराच्या नोटिशीचं काम सल्लागाराला कसं सोपवावं, ते आज मी एकाच प्रकरणावरून सांगणार आहे. आपल्या इंदूरमधलेच एक निवृत्त शिक्षक. त्यांना मी मास्तरच म्हणेन. मास्तर माझ्याकडे आले तेव्हा प्राप्तिकराच्या नोटिशीला उत्तर द्यायला नऊ दिवस उरले होते. नोटीस निघून मात्र पंधरा दिवस झाले होते, आणि त्यांना तिचा पत्ताच नव्हता. पुतण्यानं सहज प्राप्तिकराच्या पोर्टलवर त्यांचं लॉगिन उघडलं म्हणून ती सापडली.

असं का झालं, ते आधी सांगतो. मास्तरांचं रिटर्न पूर्वी एक ओळखीचे गृहस्थ भरायचे. मास्तरांनी विश्वासानं पासवर्ड त्यांच्या हाती दिला होता. त्या गृहस्थांनी सोयीसाठी प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल घालून ठेवला. दर वेळी ओटीपी विचारायला नको, एवढाच त्यांचा हेतू असेल. पण प्राप्तिकर खात्याचा प्रत्येक मेसेज त्यांच्याकडे जात राहिला, आणि मास्तरांचं काम त्यांनी सोडून दोन वर्षं झाली होती. आज घरी गेल्यावर पोर्टलवर My Profile उघडा आणि तिथे कोणाचा नंबर, कोणाचा ईमेल आहे तो बघा. दुसऱ्याचा निघाला तर आजच बदला. नोटीस वाचायची राहून गेली तर पुढचा आदेश तुमचं म्हणणं न ऐकताच होऊ शकतो.

आता नोटीस. ती कलम 148अ खालची होती. म्हणजे खातं विचारत होतं, ‘अमुक उत्पन्न करातून सुटलेलं दिसतंय, तुमचं प्रकरण पुन्हा का उघडू नये?’ मास्तरांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं ऑगस्ट 2021 मध्ये वडिलोपार्जित नव्हे, तर दोघांनी मिळून 2004 मध्ये घेतलेला प्लॉट 46 लाखांना विकला होता. तीस लाख किंवा त्याहून मोठ्या मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती तेव्हा उपनिबंधक कार्यालयाकडून खात्याला जायची. मास्तरांच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे जमा झालेल्या वार्षिक माहितीच्या पत्रकात, पूर्ण 46 लाख त्यांच्याच नावापुढे दिसत होते. त्या वर्षीचं रिटर्न त्यांनी भरलंच नव्हतं. ‘पैसे लगेच फ्लॅटमध्ये घातले, मग कर कसला?’ असं त्यांना वाटलं. फ्लॅट घेतल्यानं कर वाचू शकतो, पण त्यासाठी रिटर्नमध्ये ते सांगावं लागतं. चूक तेवढीच, पण ती खरी होती.

मास्तर एक सुटकेस भरून कागद घेऊन आले. मूळ रजिस्ट्र्या, मुलीच्या लग्नाच्या पावत्यासुद्धा. मी ती सुटकेस परत पाठवली. कामाचे होते ते कागद असे: नोटीस आणि तिच्यासोबतची पुरवणी, प्लॉटच्या खरेदीची आणि विक्रीची रजिस्ट्री, पैसे आले आणि गेले त्या काळातलं बँकेचं स्टेटमेंट, फ्लॅटची रजिस्ट्री आणि बिल्डरच्या पावत्या, जुन्या रिटर्नच्या पोचपावत्या. सगळ्यांच्या प्रतीच. मूळ कागद घरीच राहू द्यावेत. कोणता कागद दिला याची दोन प्रतींत यादी केली, दोघांनी सही केली. कोरा सही केलेला कागद किंवा कोरा चेक कोणी मागितला तर उठून निघून या.

यातला एक कागद मास्तरांनी आणलाच नव्हता: 2004 ची खरेदीची रजिस्ट्री. ‘जुनी आहे, तिचं काय काम?’ पण ती नसेल तर नफा मोजताच येत नाही. आणि दोघा भावांची नावं त्या कागदावरही होती, म्हणून अर्धा हिस्सा सिद्ध झाला. हिशेब बघा. मास्तरांचा विक्रीतला वाटा 23 लाख. खरेदीत त्यांचे 2 लाख. ही खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरायची होती: महागाई निर्देशांक खरेदीच्या वर्षी 113 आणि विक्रीच्या वर्षी 317, म्हणून ते 2 लाख झाले सुमारे 5 लाख 61 हजार. नफा साधारण 17 लाख 39 हजार. ते पूर्ण 23 लाख एप्रिल 2022 मध्ये फ्लॅटमध्ये गेले होते, रिटर्नची मुदत संपण्याआधीच. त्यांच्या नावावर दुसरं एकच राहतं घर होतं. म्हणून विक्रीचे पैसे घरात घातल्यावर सूट देणारं कलम 54फ लागू पडत होतं आणि करपात्र नफा शून्यावर येत होता. 46 लाखांचं गणित असं सुटलं.

काम हाती घेताना आम्ही एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात ‘नोटिशीचं काम’ असं मोघम लिहिलं नाही. पहिला टप्पा म्हणजे फक्त 148अ चं उत्तर, जरूर पडली तर मुदतवाढीचा अर्ज, आणि त्या आदेशाची प्रत मास्तरांना देणं. प्रकरण उघडलंच, तर रिटर्न भरणं आणि पुढची उत्तरं हा दुसरा टप्पा. त्याची फी आधीच सांगितलेली, पण देणं तेव्हाच. अपील तिसरं, ते या पत्रात नाही. पहिल्या टप्प्याचे 10 हजार ठरले. निम्मे पत्रावर सही करताना, निम्मे उत्तर सादर झाल्याची पोचपावती हाती आल्यावर. जीएसटी लागत असेल तर तो या रकमेत धरला आहे की वेगळा, हेही लिहून घ्यावं. टप्पे लिहिले नाहीत की सहा महिन्यांनी भांडण ठरलेलं. पक्षकार म्हणतो, ‘मी पूर्ण प्रकरणाचे दिले’, आणि सल्लागार म्हणतो, ‘मी एका उत्तराचे घेतले’. दोघंही खरं बोलत असतात.

‘वाचलेल्या कराच्या इतके टक्के द्या’ असं कोणी म्हटलं तर मला फार काळजी वाटते. निकालावर अवलंबून फी ठरवणं सीएंना, मोजके अपवाद सोडले तर, आणि वकिलांना त्यांच्या आचारसंहितेनं मना आहे. त्यांच्याशी असा सौदा करायला जाऊच नये. आणि पाटीवर ‘कर सलाहकार’ लिहिलेला प्रत्येक जण खात्यापुढे तुमची बाजू मांडू शकतो असंही नाही. त्याची पात्रता कायद्यात दिलेली आहे. सीए, वकील, ठरावीक पात्रतेचे इतर लोक. सभासद क्रमांक विचारायला संकोच करू नका.

राहिलं पोर्टल. मला मास्तरांचा पासवर्ड नको होता, आणि लागलाही नाही. त्यांनी स्वतः लॉगिन केलं, e-Proceedings मध्ये ती नोटीस उघडली, Add/View Authorised Representative मधून माझं नाव जोडलं, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला आणि त्यांनीच घातला. सोबत अधिकारपत्र दिलं. माझ्या लॉगिनमधून मला एवढं एकच प्रकरण दिसू लागलं. त्यांचं बँक खातं, परतावा, बाकीची रिटर्नं माझ्या हातात नव्हती. एका प्रकरणात एका वेळी एकच प्रतिनिधी चालतो, म्हणून सल्लागार बदलताना आधीचं नाव काढणं विसरू नका.

पुतण्या म्हणाला, ‘काका, पासवर्ड देऊन टाका ना, लवकर होईल.’ मी नको म्हटलं. पासवर्ड म्हणजे सगळ्या घराची किल्ली: त्यातून बँक खातं बदलता येतं, नवं रिटर्न भरता येतं, आणि कोणी केलं हे नंतर सिद्ध करणं महाकठीण. प्रत्येक ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्ये वाचूनच सांगावा.

नऊ दिवस पुरणार नव्हते, कारण 2004 ची रजिस्ट्री मिळवायची होती. म्हणून Seek/View Adjournment मधून मुदत मागितली, ती मिळाली. उत्तरापूर्वी मसुदा मास्तरांना वाचायला दिला, आणि त्यांनीच एक तारीख चुकलेली दाखवली. मी खरेदीचं वर्ष 2005 लिहिलं होतं. अशी चूक राहिली असती तर निर्देशांक बदलून आकडा बदलला असता. आदेश त्यांच्या बाजूनं आला. प्रकरण उघडलं नाही. त्याच संध्याकाळी मास्तरांनी माझं नाव प्रतिनिधी म्हणून काढलं, आदेशाची प्रत आणि पोचपावती फाइलला लावली, आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर आहे ना, ते पुन्हा एकदा बघितलं.