दारातली मुलगी

[शाळेचा व्हरांडा. मधल्या सुट्टीची गडबड.]

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांत ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. मजुरीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. याच दिवसांत शाळेला एक यादी करावी लागते. कोणाचे आईवडील जाणार, कोणती मुलं त्यांच्यासोबत जाणार आणि कोणती गावात राहू शकतील, हे तिच्यात लिहायचं असतं. त्या यादीवरूनच गावात हंगामी वसतिगृहाची मागणी जाते.

काल सातवीच्या वर्गात यादीसाठी विचारलं गेलं, "कोण कोण उसाला जाणार, हात वर करा." पाच-सहा हात वर झाले. खिडकीजवळ बसलेल्या मुलीने हात वर केला नाही.

आज ती स्टाफरूमच्या दारात उभी आहे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आत चार शिक्षक डबे उघडून बसलेत. मागे व्हरांड्यात तिच्याच वर्गातल्या मुली आहेत. बाईंनी तिथूनच "काय गं, काय झालं?" असं विचारलं, तर ती "काही नाही" म्हणून निघून जाईल.

बाई डबा झाकतात आणि उठतात.

"बरं झालं आलीस. खिचडीच्या वहीत आजची हजेरी भरायचीय. चल, मोजायला लाग."

व्हरांड्यातल्या मुलींनी एवढंच ऐकलं. बाईंनी काम सांगितलं म्हणून ती गेली, यात कोणाला काही विशेष वाटत नाही. वही खरी आहे, काम रोजचंच आहे, आणि स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं मला फार मोलाची वाटतात. दोघी शेजारी चालतात, नजर समोर असते, हातात वही असते. बाई काही विचारत नाहीत.

पाण्याच्या टाकीपाशी मुलगी बोलते, "बाई, आमचंबी जायचं ठरलंय."

"कधी?"

"दिवाळीनंतर लगेच. धाकट्याला सांभाळायला मला नेणारेत."

म्हणजे आईबाप पहाटे उसाच्या फडात गेले की दिवसभर कोपीवर, त्या तात्पुरत्या झोपडीत, ती आणि पाच वर्षांचा भाऊ. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. वर्ष असंच निघून जातं.

"काल हात का नाही वर केलास?" हे बाई विचारत नाहीत. त्याचं उत्तर त्यांना माहीत आहे. त्या विचारतात, "आजी गावातच राहणारेय ना?"

"हो. पण बाई, बापूंना सांगू नका."

इथे "नाही सांगत" म्हणून टाकणं सोपं असतं. बाई तसं म्हणत नाहीत. "तू सांगितलंस, हे माझ्या तोंडून निघणार नाही. पण तुला ठेवायचं म्हटलं, तर त्यांच्याशी बोलावं लागेल. ते हो म्हणाल्याशिवाय मला नाव घालता येत नाही."

मुलगी थोडी थांबते, मग मान हलवते.

[संध्याकाळ. वस्तीवरचा रस्ता.]

संध्याकाळी बाई वस्तीवर जातात, आणि ओळीने सगळ्याच घरी जातात. जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या, दोन्ही. त्यामुळे अमक्याच्याच घरी बाई का आल्या, असं कोणी विचारत नाही. मुलीच्या घरी तिसऱ्या क्रमांकाला.

वडील ऐकून घेतात. हंगामी वसतिगृहात गावातच दोन वेळचं जेवण आणि अभ्यास होतो, बरीच मुलं रात्री आजी-आजोबांकडे झोपतात, ही सोय आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, हे बाई सांगतात. मग वडील खरा प्रश्न विचारतात, "धाकट्याला कोण बघणार?"

प्रश्न रास्त आहे. पोर कोपीवर एकटं ठेवता येत नाही, आणि ऊस तोडताना आईच्या पाठीशी ठेवणं धोक्याचं. बाई आजीकडे वळतात. दिवसा तो अंगणवाडीत राहील, दुपारनंतर आजीजवळ, संध्याकाळी बहीण येईलच. आजी म्हणतात, "राहू द्या दोघांना. माझे हातपाय अजून चालतात."

वडील लगेच हो म्हणत नाहीत. दोन दिवसांनी सांगतो म्हणतात.

बाई तोवर दुसरी तयारी ठेवतात, कारण वसतिगृहाची मंजुरी उशिरा आली, तर कुटुंबं तोवर निघून गेलेली असतात. मुलीला जावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड सोबत द्यायचं. ती कितवीत आहे, काय शिकली आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत तिला तिच्याच इयत्तेत बसता येतं. अर्थात, ज्या मुलीला भावाला सांभाळायला नेलंय, तिला तिथली शाळा गाठणं अवघडच. म्हणून बाईंचा जोर गावात ठेवण्यावर आहे.

वर्गातली यादीही त्यांनी बाजूला ठेवली. सगळ्या मुलांना एकेक कोरा कागद दिला: घरात सध्या कोण कोण आहे, दिवाळीनंतर कोण कोण असेल, ते लिहा आणि घडी घालून द्या. काल हात पाच-सहाच वर झाले होते. आज अकरा कागदांवर दिवाळीनंतरच्या ओळीत आई आणि बाप दोघंही नव्हते.