रेपो दर, टेलरचं सूत्र आणि न दिसणारी तफावत

मंडळी, विषय दिलाय "रिझर्व्ह बँक व्याजदर कसा ठरवते". सूत्राकडे येतोच, पण आधी आमच्या भाच्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये त्याने डोंबिवलीत फ्लॅटसाठी 30 लाखांचं कर्ज घेतलं, 20 वर्षांचं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे उसने देते तो, तेव्हा 4 टक्के, त्यावर बँकेचे 2.7, म्हणजे 6.7 टक्के. हप्ता साधारण 22,700. पठ्ठ्या खूश! 4 मे ला, ठरलेली बैठक नसताना, रेपो 4.40 झाला, आणि मग फेब्रुवारी 2023 पर्यंत चढत चढत 6.50. भाच्याचा दर 9.2 झाला. बँकेने काय केलं, हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली, तीही न विचारता. आता हिशोब करा, 30 लाखांवर 9.2 टक्क्यांनी महिन्याचं व्याजच होतं 23,000. म्हणजे हप्ता सगळा व्याजातच जाणार आणि मुद्दल ढिम्म हलणार नाही. मी म्हटलं अरे हे कर्ज तुझ्या नातवाला वारशात जाईल! (हसताय, पण इथे किती जणांनी आपलं कर्जाचं स्टेटमेंट उघडून बघितलंय? हात वर करा. बघा, तीन.) शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. आणि माझ्या एफडीचा दर? तो मात्र बैलगाडीने आला. असो.

संयोजकांची चिठ्ठी आलीये, सात मिनिटं. मग पटकन.

1993 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन टेलर या अर्थतज्ज्ञाने व्याजदर किती असावा याचं एक सूत्र मांडलं:

i = r* + π + 0.5(π − π*) + 0.5y

i म्हणजे पॉलिसी दर, आपल्याकडे रेपो. r* म्हणजे अर्थव्यवस्था ना तापलेली ना गारठलेली असताना महागाई वजा करून जो व्याजदर असावा तो. π महागाई, π* तिचं लक्ष्य, आणि y म्हणजे आउटपुट गॅप, देश आपल्या कुवतीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी उत्पादन करतोय ते. यातली खरी गंमत π दोनदा येतो त्यात आहे. महागाई 1 टक्का वाढली तर दर दीड टक्का वाढतो. दर एका टक्क्यापेक्षा कमी वाढवला तर महागाई वजा जाता कर्ज उलट स्वस्तच होतं, लोक अजून उचलतात आणि आगीत तेल.

आता आपल्याकडे लावा. लक्ष्य 4, r* 1 धरू. मार्च 2022 ची महागाई जवळपास 7. म्हणजे 1 अधिक 7 अधिक दीड, साडेनऊ! करोनानंतर अर्थव्यवस्था कुवतीखाली होती म्हणून गॅप उणे 4 धरा, तरी साडेसात. प्रत्यक्षात 4 होता. 4 बरोबर ठरवायचा तर गॅप उणे 11 मानावा लागेल, एवढं कोणी म्हणणार नाही.

मग दर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या समितीने सूत्र गुंडाळून ठेवलं का? तसं नाही. दराचा परिणाम यायला बराच काळ जातो म्हणून समिती मागची नाही, पुढची महागाई बघते. एप्रिलच्या बैठकीत वर्षाचा अंदाज 5.7 होता. तो टाकला की गॅप उणे 4 धरून उत्तर साडेपाच येतं. शिवाय एका झटक्यात दीड-दोन टक्के सहसा कोणी वाढवत नाही, पायरी पायरीने जातात. पण अंदाजच कमी निघाला, एप्रिलची महागाई 7.79 आली, आणि पायऱ्या भराभर चढाव्या लागल्या. माझं मत विचाराल तर उशीर झाला, आणि तो अंदाजापायी झाला.

दोन मिनिटं, हो हो. सगळ्यात कच्चा दुवा y. तो कुठे मोजता येत नाही, अंदाजाने काढतात आणि आकडे नंतर सुधारत राहतात. अथानासिओस ऑर्फनिडिस या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की 1970 च्या दशकात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, म्हणजे फेडला, त्या वेळी हाती असलेल्या आकड्यांवरून गॅप फार खोल वाटत होता, म्हणजे सूत्र पाळलं असतं तरी दर कमीच राहिले असते आणि महागाई भडकलीच असती. म्हणून काही जण गॅपला कमी वजन द्या म्हणतात, मीही त्यातलाच.

आपल्या समितीत सहा जण, तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन बाहेरचे, मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त येतं, प्रत्येकाने का मत दिलं ते त्यात असतं. पुढच्या वेळी ते उघडा आणि कोण गॅप केवढा धरतोय तेवढं शोधा, दोन सदस्यांचं भांडण बहुतेक वेळा तिथेच असतं. चला, माईक काढून घेतायत.