माणसं घटली, तरी हात घटले नाहीत: बेळगावकराच्या नजरेतून जपान

(जपानमधल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. खानापूर, निपाणी, हुक्केरी, बेळगाव, जिथून कुठून आलात ते सगळे दादा-ताई, आणि पहिल्या रांगेतले आमचे काका-काकू.

गावाकडे फोन लावला की आमची अक्का हमखास विचारते, "तिकडं नुसती म्हातारीच हाईत म्हणं, मग कारखाने कोण चालवतंय रं?" प्रश्न अगदी नेमका आहे. आज मी तेवढ्याचंच उत्तर देणार आहे.

जपानमध्ये १५ ते ६४ वयाच्या माणसांची संख्या १९९५ च्या सुमारास सर्वाधिक होती, जवळपास ८.७ कोटी. आज ती ७.४ कोटींच्या आसपास आहे. म्हणजे सव्वा कोटीहून जास्त माणसं या वयोगटातून कमी झाली. पण प्रत्यक्ष कामावर असलेल्यांचा आकडा २०१२ मध्ये ६.३ कोटींच्या आत होता आणि २०२४ मध्ये ६.७ कोटींच्या वर गेला. कमावत्या वयाची माणसं कमी होत असताना कामावरची माणसं वाढली. बाहेरून बघणाऱ्याला हे पटकन पटत नाही.

हे हात आले कुठून? सगळ्यात जास्त आले बायकांचे. १५ ते ६४ वयातल्या साधारण ६० टक्के बायका २०१२ च्या सुमारास नोकरी करत होत्या, आता ते प्रमाण ७० च्या पुढे आहे. त्यासाठी सरकारने पाळणाघरं वाढवली. २०१७ मध्ये सव्वीस हजारांच्या घरात मुलं पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत होती, ती यादी २०२४ मध्ये अडीच हजारांच्या आसपास आली. अर्थात मुलंच कमी जन्मतात, हेही त्यामागे आहे.

दुसरे हात म्हाताऱ्यांचे. ६५ च्या पुढचे काम करणारे २०१२ मध्ये ६० लाखांच्या आसपास होते, आता ९० लाखांच्या वर आहेत. २०१३ च्या कायद्याने कंपनीला इच्छुक कामगाराला ६५ पर्यंत ठेवून घ्यावं लागतं, आणि २०२१ पासून ७० पर्यंत काम मिळेल असा प्रयत्न करणं अपेक्षित आहे. बहुतेक ठिकाणी ६० ला निवृत्त करून पुन्हा करारावर घेतात. काम तेच, पगार मात्र कमी. कागदावर हा रोजगार आहे, माणसाच्या दृष्टीने ती घसरण आहे, असं माझं मत.

आता खरी गुंतागुंत. नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ किंवा करारावर आहेत, आणि त्यांना जास्त तास करायला देशाचेच नियम अडवतात. नोकरदाराची बायको ठरावीक मर्यादेखाली कमावत असेल, तर पेन्शनचा आणि आरोग्यविम्याचा हप्ता तिला भरावा लागत नाही. पेन्शनची ही सवलत १९८५ च्या कायद्यातली, कामाला माणसं मुबलक होती तेव्हाची. मर्यादा ओलांडली की ती स्वतंत्र हप्तेदार. गावाकडे बीपीएल कार्डासाठी वर्षाला १ लाख २० हजारांची अट आहे ना, आणि ती ओलांडू नये म्हणून लोक उत्पन्न कमीच दाखवतात, तसंच हे.

एक उदाहरण करून बघू. लहान दुकानातली एखादी बाई घ्या. तिला १३ लाख येनची मर्यादा लागू आहे. २०२३ मध्ये देशाची सरासरी किमान मजुरी ताशी १,००४ येन होती. त्या दराने १३ लाखांत तिला सुमारे १,२९५ तास काम करता येतं. पुढच्या वर्षी मजुरी १,०५५ झाली. दर वाढला, मर्यादा तीच राहिली, म्हणून तिला १,२३२ तासांनंतर थांबावं लागलं. तिचे ६३ तास गेले, आठ तासांच्या हिशेबाने जवळजवळ आठ दिवस. सगळे म्हणत होते, माणसं मिळत नाहीत म्हणून मजुरी वाढवा. ती वाढवली आणि त्याच बाईचं काम घटलं. वर्षअखेरीला, ऐन गर्दीच्या हंगामात, दुकानदारांची जी धावपळ होते ती बरीचशी यामुळेच.

मग ती मर्यादा ओलांडत का नाही? राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता महिन्याला सुमारे १७ हजार येन, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वर, आणि आरोग्यविमा वेगळा. तिने १५ लाख कमावले तरी हातात १३ लाखांपेक्षा कमीच उरतात. मोठ्या कंपन्यांत मर्यादा आणखी खाली लागते, पण तिथे निम्मा हप्ता मालक भरतो आणि पुढे पेन्शन वाढते, त्यामुळे ओलांडण्यात थोडा तरी अर्थ आहे. २०२५ च्या कायद्याने हे अडथळे टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलंय. माझ्या मते जपानला नव्या बाळांसाठी भत्ते वाढवण्याआधी हे करायला हवं होतं. आज जन्मलेलं मूल कामावर यायला वीस वर्षं लागतात, या बाईला तास वाढवायला एक अर्ज पुरतो.

अक्काला हे सांगितलं तर ती म्हणेल, आमच्याकडं बायका आधीपासनंच राबतात. खरंच आहे. निपाणीत बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर विड्या वळतात. खानापूरच्या रानात सत्तरीतली आज्जी-आजोबा अजून बांधावर उभे असतात. जपानने कामाबाहेर असलेल्यांना कामात आणलं, आपल्याकडचे आधीच कामात आहेत, पण त्यातून हातात पडतं फार थोडं. म्हणून जपानची युक्ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडणार नाही. मुलं मात्र आपल्याकडेही कमीच जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकात सरासरी एका बाईमागे १.७ मुलं आहेत. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. त्यात पोरं पुणे, बेंगळुरू, गोव्याला जातात, म्हणून भाताच्या नट्टीला माणसं मिळेनात आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीत परराज्यातली पोरं दिसू लागली. ज्याने विड्या वळल्या वा फौंड्रीत घाम गाळला त्याला पीएफच्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. म्हातारपणी काम थांबवणं त्याला परवडतच नाही.

तिसरे हात परदेशी माणसांचे, म्हणजे आपले. २००८ मध्ये इथे ४ लाख ८६ हजार परदेशी कामगार होते, २०२४ मध्ये २३ लाखांच्या वर. शेजारच्या वृद्धाश्रमात नेपाळी, व्हिएतनामी मुली आहेत, तुम्ही रोज बघता. आपल्या पगारातून कापला जाणारा पेन्शनचा हप्ता मुख्यतः आजच्या म्हाताऱ्यांना जातो, आपल्या नावावर जमते ती फक्त वर्षांची आणि पगाराची नोंद.

तेव्हा परत जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर हप्त्याचा काही भाग एकरकमी मिळतो, आणि बरेच जण ते पैसे घेऊन मोकळे होतात. पण ते घेतले की ती वर्षं खात्यातून पुसली जातात. जपानी पेन्शनला २०१७ पासून किमान दहा वर्षं लागतात, आणि भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार २०१६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्यानुसार भारतातली पीएफची वर्षं पात्रतेच्या दहा वर्षांत धरता येतात. सात-आठ वर्षं इथे काढून परतणाऱ्याने एकरकमी अर्जावर सही करण्याआधी हा हिशेब पेन्शन कार्यालयात बसून करून घ्यावा. आता काकूंचा हात वर झालाय, तेव्हा प्रश्न घेऊ.