सोफ्यावरच्या उशा जागेवर का राहत नाहीत?

श्रोतेहो, नमस्कार. सोफ्यावरच्या उशा सारख्या विस्कटतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि खापर फुटतं मुलांवर. खरं तर बहुतेक वेळा चुकलेलं असतं माप.

खोळी घेताना आपण पडद्याचा रंग आठवतो, पण सोफ्याची बैठक किती खोल आहे, हे काही मोजत नाही. ती आज पाहा. सगळ्या उशा काढा, पाठ नीट टेकून बसा आणि बैठकीची कड व गुडघ्यामागची बाजू यांमध्ये बोटं घालून बघा. दोन-तीन बोटं मावली, तर सोफा तुमच्या मापाचाच आहे. पाठीमागे जाड उशी आली की तुम्ही पुढे ढकलले जाणार, आणि पहिलं काम करणार ते उशी उपसून बाजूला टाकण्याचं. कड पोटरीला टेकत असेल किंवा पाठ टेकल्यावर पाय लोंबत असतील, तर मात्र उशी हवीच.

समजा, तीन जणांचा सोफा आहे, आतून 72 इंच रुंद. अठरा इंची चार उशा ओळीनं लावल्या की पाठ पूर्ण झाकली. दिसायला झकास, पण येणारा पाहुणा उशी मांडीवर घेऊन बसतो! त्यापेक्षा दोन्ही कोपऱ्यांत एकेक ठेवा, मध्ये कमरेसाठी 12 बाय 18 ची आडवी, बारीक उशी. सोफ्याची पाठ 15-16 इंचच उंच असेल, तर अठराची उशी वर डोकावते आणि मागे कलंडते. तिथे सोळाचीच घ्या.

आता भरण. हल्ली बहुतेक उशांत फायबर असतं. ते दबतं, म्हणून सोळाच्या खोळीत अठराची उशी घालायची. सोळात सोळा घातली की महिन्या-दोन महिन्यांत कोपरे रिकामे लोंबू लागतात. विकत घेताना उशीची मधोमध घडी घाला आणि हात सोडा. ती आपणहून उलगडली पाहिजे. पिंजलेल्या कापसाला आणि फोमला हा दोन इंचांचा हिशेब लावू नका, चेन उसवेल. कापूस पाठीला छान आधार देतो, पण पावसाळ्यात दमट होतो, त्याच्या गाठी होतात. त्याला अधूनमधून कडक ऊन हवंच. माझं विचाराल, तर कापूस लोडाला, फायबर सोफ्याला.

पलंगावर झोपायच्या उशा मागे उभ्या आणि पुढे शोभेच्या दोन, एवढं पुरे. जास्त ठेवल्या, तर रात्री त्या खुर्चीवर जातात आणि सकाळी तिथेच राहतात.

आणि हो, रेक्झिनच्या सोफ्यावर सॅटिनची खोळ घसरणारच. तिथे जाड सुती किंवा हातमागाची खोळ शिवून घ्या, आणि शिंप्याला सांगा, चेन खालच्या बाजूला लाव.