झोल: पोर्चच्या स्लॅबखालचा अर्धा तास

स्लॅब भरताना त्याचा तळ खाली दबतो, त्याला साइटवर झोल म्हणतात. पडद्यावर दिसतो आहे तो पुण्याजवळच्या एका निवासी इमारतीचा पोर्च. त्याची लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर आणि स्लॅबची जाडी १५० मिलिमीटर आहे. जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत साडेपाच मीटर उंची भरते. इमारतीच्या इतर मजल्यांवर साधारण तीन मीटर उंची असल्याने एका जॅकमध्ये, म्हणजे उंची कमीजास्त करता येणाऱ्या लोखंडी नळीच्या टेकूत, काम भागते. पोर्च मात्र दोन मजल्यांइतका उंच होता, म्हणून सेंट्रिंगवाल्यांनी खाली एक जॅक, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर दुसरा जॅक अशी दुमजली उभारणी केली होती. दोन जॅक जिथे एकमेकांवर बसतात त्या पातळीवर त्यांना आडव्या आणि तिरप्या पाइपांनी बांधून घेणे आवश्यक असते. येथे ती बांधणी फक्त बाहेरच्या रांगेत होती.

सळईसह ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २५०० किलो भरते. या स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३७५ किलो माल येणार होता, आणि कडेचे बीम धरून एकूण १० घनमीटर, म्हणजे जवळजवळ २५ टन. माल घट्ट होऊन स्वतःला पेलू लागेपर्यंत हा सगळा भार जॅकमधून जमिनीत उतरतो. जॅक १.२ मीटर अंतरावर उभे होते, त्यामुळे माल, प्लाय आणि वर वावरणारी माणसे मिळून एका जॅकच्या वाट्याला सुमारे ८०० किलो येत होते. सरळ उभ्या, मधोमध बांधलेल्या जॅकला हे वजन जड नाही. पण बारीक नळीची न बांधलेली लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी ती पेलू शकणारा भार ढोबळमानाने चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि आतल्या रांगांमधले सगळे जॅक अशाच अवस्थेत उभे होते.

स्लॅब भरायला सकाळी सुरुवात झाली. इमारतीकडचा बीम नीट भरला गेला. नंतर पंपाचा होज स्लॅबच्या मध्यावर आला आणि तिथेच राहिला, कारण मालाने भरलेला होज ओढत नेणे हे चार माणसांना दमवणारे काम आहे. त्यापेक्षा एका जागी माल ओतून फावड्याने पसरवणे सोपे वाटते. पाहता पाहता मध्यावर दोन फूट उंचीचा ढीग झाला. दोन फूट म्हणजे ६०० मिलिमीटर. ज्या चौरस मीटरवर ३७५ किलो यायला हवे होते, तिथे त्या क्षणी दीड टन माल होता. शिवाय प्लायखालचा आडवा लाकडी वासा दोन जॅकमधल्या एका गाळ्यात असा दबला की शेजारच्या मोकळ्या गाळ्यात तो वर उचलला जातो आणि तिथला जॅक सैल पडतो, इतका की हाताने हलवला तर हलतो. ढीग जॅकवर जादा भार टाकतो तसाच शेजारच्या जॅकचा आधारही काढून घेतो, ही गोष्ट वर उभे राहून लक्षात येत नाही.

आता खाली लटकणारा हा ओळंबा पाहा. स्लॅबच्या तळाला, मध्यावर, दोरी बांधलेली आहे आणि ओळंब्याचे टोक जमिनीत रोवलेल्या पट्टीवरच्या पेन्सिलच्या खुणेशी जुळवलेले आहे. वाचन रस्त्याच्या बाजूने, पोर्चच्या बाहेरून होते. माल टाकण्यापूर्वी टोक खुणेवर होते. मालाची पहिली गाडी अर्धी रिकामी होईपर्यंत ते ५ मिलिमीटर खाली आले. फळ्यांचे सांधे बसताना एवढे होतेच. त्यानंतरच्या दहा मिनिटांत ते १८ मिलिमीटरवर गेले. वर गवंडी पट्टी फिरवून पृष्ठभाग समतल करत होता, आणि जिथे खोलगट दिसे तिथे आणखी माल ओढत होता. झोल वाढण्याचा हा सर्वांत फसवा मार्ग आहे. खाली २५ मिलिमीटर झोल आला आणि वरून तो भरून काढला, तर चौरस मीटरला आणखी ६० किलोंहून जास्त वजन नेमके सर्वांत दबलेल्या ठिकाणी जाते, आणि वरून पाहणाऱ्याला स्लॅब अगदी सपाट दिसतो.

मुकादमाने हाक दिली, “अरे, दोघे जण खाली जा आणि मधले जॅक कसून घ्या.” राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक साइटवर झोल दिसल्यावर पहिली हाक हीच असते, आणि माझ्या मते ती सर्वांत घातक आहे. भारलेल्या जॅकचे फिरते कडे हातोड्याने ठोकून फिरवावे लागते, आणि तो प्रत्येक ठोका आधीच वाकू लागलेल्या नळीला बाजूने बसतो. एक जॅक उचलला की शेजारचे सैल पडतात. एक जॅक निसटला तर त्याचा भार क्षणात शेजारच्यांवर जातो, आणि खालच्या माणसाला पळायला उभ्या पाइपांच्या जंगलातून वाट काढावी लागते. वर असलेली माणसेही सुरक्षित नसतात: जुलै २०१६ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत उंच मजल्यावर काम चालू असताना स्लॅब कोसळला, त्यात ९ कामगारांचा जीव गेला.

येथे साइट इंजिनिअरने मुकादमाची हाक अडवली. “पंप बंद करा. खाली कोणी जायचं नाही, वरचे सगळे इमारतीच्या बाजूने उतरा.” गळणारी स्लरी बुजवायला एक मुलगा सिमेंटच्या गोणीचे तुकडे घेऊन आत बसला होता, त्याला नावाने हाक मारून बाहेर काढले आणि माणसे मोजली. दुसरी गाडी परत पाठवली. ओळंबा २४ मिलिमीटरवर पोहोचला, पुढची वीस मिनिटे तिथेच राहिला, तरीही कोणाला आत सोडले नाही. तेव्हा माल घट्ट होऊ लागला होता. अशा वेळी स्लॅब जॅकने उचलला तर सळई आणि काँक्रीट यांची पकड सुटते आणि आतून तडे जातात. म्हणून तो वर ढकलण्याचा विचार सोडून द्यावा लागला. भाग दोरीने बंद केला, आणि पुढे तो अर्धवट स्लॅब तोडायचे ठरले.

तोडण्यापूर्वी बाहेरून आत, एकेक रांग नवीन आधार देत माणसे आत गेली, तेव्हा झोलाचे कारण वाचता आले. दोन जॅकच्या मध्ये प्लायच वाकला असता तर दोष अंतराचा होता. येथे मधले चार जॅक सांध्यापाशी धनुष्यासारखे बाहेर आले होते, म्हणजे दोष बांधणीचा आणि ढिगाचा. बाहेरच्या रांगेतले तीन जॅक मात्र ओळंब्यात सरळ होते आणि तरीही खाली गेले होते: त्यांच्या खाली गटाराच्या पाइपसाठी खोदून बुजवलेली माती होती आणि जॅकच्या पायाखालची फळी त्या मातीत रुतून मधोमध चिरली होती. एका जॅकमध्ये नळीची उंची धरून ठेवणाऱ्या मूळ पिनेच्या जागी १० मिलिमीटर सळईचा तुकडा घातलेला सापडला. तो हातात घेतला तेव्हा मधोमध वाकलेला होता.

दुसऱ्या वेळी बुजवलेल्या मातीवर पीसीसीचा, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटचा, थर टाकला आणि जॅकऐवजी जमिनीपासून वरपर्यंत सलग, चारी बाजूंनी कैचीने बांधलेले टॉवर उभे केले. त्यांना इमारतीच्या आधीच घट्ट झालेल्या कॉलमशी पाइपांनी जखडले. माल टाकण्याचा क्रम कागदावर लिहून पंपवाल्याच्या हाती दिला: आधी चारी बीम दोन थरांत, मग इमारतीकडून बाहेरच्या दिशेने स्लॅब, दर दोन मीटरला होज हलवायचा आणि ढीग कमरेपर्यंत तर दूरच, घोट्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. होज ओढायला दोन माणसे जास्त दिली. पोर्चखाली जाण्याच्या वाटा पत्रे लावून बंद केल्या, आणि ओळंबा वाचणारा माणूस बाहेर बसून दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने सांगत राहिला.

शेवटचा आकडा ४ मिलिमीटर होता. हे टॉवर आणखी २१ दिवस तसेच उभे राहतील, कारण आय. एस. ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार ६ मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या बीमखालचे आधार त्याआधी काढता येत नाहीत, आणि पोर्चचे लांब बाजूचे बीम ८ मीटरचे आहेत.